पॉडकास्टचा मजकूर शोधात कसा आणावा: एक भाग, एक पान

समजा, पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीवर चाळीस मिनिटांचा एक पॉडकास्ट केला. त्यात एक कारागीर मठारकाम समजावून सांगतात: तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके दिले की पत्रा कडक होतो आणि त्याला चकाकीही येते. नेमकी हीच माहिती शोधणारा माणूस गूगलवर ‘मठारकाम म्हणजे काय’ असे लिहितो. पण तुमच्या पानावर शीर्षक, प्लेअर आणि दोन ओळींचा परिचय एवढेच असेल, तर त्या पानावर ‘मठारकाम’ हा शब्दच नसतो. म्हणून संपूर्ण संवादाचा मजकूर पानावर हवा. मात्र तो चुकीच्या पद्धतीने टाकला, तर एकाच मुलाखतीची सहा-सात अर्धवट पाने तयार होतात आणि मूळ पान मागे पडते.

सुरुवातीलाच एक पत्ता ठरवा, उदाहरणार्थ `/bhag/tambat-ali`. ऑडिओ, व्हिडिओ, संपूर्ण मजकूर आणि फोटो सगळे याच पत्त्यावर राहतील. ‘ऐका’, ‘पाहा’ आणि ‘वाचा’ अशी तीन वेगळी पाने करण्याचा मोह होतो, पण तिन्ही पाने एकाच शोधाला उत्तर देतात. मग त्यांतले कोणते दाखवायचे ते गूगल ठरवते आणि ते प्लेअर नसलेले पानही असू शकते.

आता मथळे, म्हणजे कॅप्शन. यूट्यूबने आपोआप तयार केलेले मथळे तसेच उचलू नका. मराठीत विरामचिन्हे गळतात आणि नेहमीच्या वापरात नसलेले शब्द बिघडतात: ‘मठार’चे ‘मटार’ आणि ‘कल्हई’चे ‘कलाई’ सहज होते. गंमत अशी की लोक नेमके हेच शब्द शोधत असतात. म्हणून ऐकण्यापूर्वी विषयातल्या वीस-तीस खास शब्दांची आणि नावांची यादी करा, आणि पूर्ण भाग एकदा ऐकत ती यादी समोर ठेवून मजकूर दुरुस्त करा. ही दुरुस्ती नेहमी मथळ्यांच्या फाइलमध्येच करा. पानावरचा मजकूर त्याच फाइलमधून काढायचा आहे. दोन ठिकाणी दुरुस्त्या करत बसलात, तर दोन आवृत्त्या हळूहळू वेगळ्या पडतात. मथळ्यांची फाइल अशी दिसते:

```
WEBVTT

00:12:04.000 --> 00:12:07.500
मठारकामात पत्र्यावर
एकसारखे ठोके देतात
```

फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तुमच्या पडद्यावर मराठी दिसतो, पण आतमध्ये ती निरर्थक इंग्रजी अक्षरे असतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणखी एक बारीक खोच ‘बनवणाऱ्या’सारख्या शब्दांची. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, तर एकदा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण तुमच्या साइटचा स्वतःचा शोध त्यांना वेगळे शब्द समजू शकतो. सगळीकडे एकच प्रकार ठेवायचा असेल, तर शेवटी शोधा-आणि-बदला वापरून तसे करून घ्या.

मथळे प्लेअरला जोडले की मजकूर पानावर आला, असा समज फार पसरलेला आहे. तसे होत नाही. `track` या घटकाने जोडलेली फाइल प्लेअर वाचतो, पण ती पानाच्या मजकुराचा भाग बनत नाही. यूट्यूबचा व्हिडिओ एम्बेड केला असेल, तर त्याचे मथळेही यूट्यूबकडेच राहतात. म्हणून पानाच्या एचटीएमएलमध्ये मजकूर वेगळा लिहावा लागतो.

तो लिहिताना मथळ्यांचे दोन-तीन सेकंदांचे तुकडे तसेच ओतू नका. ते जोडून परिच्छेद करा, बोलणारा बदलला की नाव द्या, ‘म्हणजे काय की’ सारख्या निव्वळ पुनरावृत्ती काढा. मथळे मात्र बोलल्याप्रमाणेच ठेवा, कारण ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला ओठांशी जुळणारे शब्द हवे असतात. चाळीस मिनिटांच्या गप्पा साधारण पाच हजार शब्दांच्या होतात, आणि उपशीर्षकांशिवाय एवढा मजकूर कोणी वाचत नाही. विषय बदलेल तिथे, साधारण पाच-सहा मिनिटांनी, एक उपशीर्षक द्या:

```
<h2 id="matharkam">मठारकाम कसे करतात (१२:०४)</h2>
```

या `id` मुळे त्या तुकड्याला थेट दुवा देता येतो, वेगळे पान न काढता. प्लेअर सर्वांत वर ठेवा, त्याखाली शंभर-दीडशे शब्दांचा स्वतंत्र सारांश, आणि मग मजकूर. गूगल व्हिडिओचा निकाल त्याच पानाला देते जिथे व्हिडिओ हाच मुख्य आशय असतो. पाच हजार शब्दांच्या तळाशी तो गेला, तर ती संधी जाते. मजकूर मिटवून ठेवायचा असेल तर `details` घटक चालतो, कारण त्यातला मजकूर आधीपासून एचटीएमएलमध्ये असतो. ‘मजकूर दाखवा’ हे बटण दाबल्यावरच सर्व्हरवरून तो आणणारी रचना मात्र टाळा. गूगलचा रोबोट बटणे दाबत नाही.

खरा गोंधळ पुढे होतो. काही व्यवस्थांमध्ये प्रत्येक प्रश्नाची क्लिप आणि तिच्याखाली ऐंशी शब्द, असे एकेक पान तयार होते. मठारकाम, कल्हई, बंब आणि घागर यांची चार पाने झाली, आणि चारही पानांवर मूळ मजकुराचाच तुकडा. अशा वेळी एक कसोटी लावा: या पानावर मुलाखतीत नसलेले काही आहे का? कल्हईची कृती टप्प्याटप्प्याने, फोटो आणि साहित्यासह लिहिली असेल, तर ते पान स्वतःच्या पायावर उभे राहते. ते ठेवा आणि मुख्य पानाला दुवा द्या. फक्त तुकडा असेल, तर ते पान कायमच्या ३०१ रीडायरेक्टने मुख्य पानाच्या त्या उपशीर्षकाकडे वळवा. पान कायम ठेवून `canonical`, म्हणजे मूळ पान कोणते ते सांगणारी खूण, लावणे हा दुसरा पर्याय, पण तो गूगलसाठी आदेश नसून फक्त सूचना असतो. शिवाय, मजकूर फारच वेगळा असेल तर गूगल ती बाजूला ठेवू शकते.

उतरवून घेण्यासाठी ठेवलेल्या मथळ्यांच्या `.vtt` आणि `.srt` फाइल्स शोधात वेगळ्या दिसू नयेत, म्हणून सर्व्हरवर हे टाका (हे एनजिनएक्ससाठी आहे):

```
location ~* \.(vtt|srt)$ {
    add_header X-Robots-Tag "noindex";
}
```

याऐवजी `robots.txt` मध्ये त्या अडवू नका. अडवलेली फाइल रोबोट उघडतच नाही, त्यामुळे त्याला `noindex` दिसत नाही, आणि दुसरीकडून दुवा मिळाला तर पत्ता शोधात येऊ शकतो. इंग्रजी भाषांतर मात्र वेगळ्या पानावर हवेच. ते मराठीची नक्कल ठरत नाही. दोन्ही पानांवर भाषा सांगणारी `hreflang` ही खूण लावून ती एकमेकांशी जोडा.

पान प्रसिद्ध होऊन गूगलने ते वाचले की गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्याचा पत्ता तपासा आणि `View crawled page` मध्ये ‘मठारकाम’ शोधा. शब्द सापडला नाही, तर मजकूर बहुधा नंतर लोड होतो आहे. काही आठवड्यांनी `Pages` अहवाल पाहा. तुकड्यांची पाने `Duplicate without user-selected canonical` खाली दिसत असतील, तर एकच मजकूर दोन पत्त्यांवर आहे आणि कोणता मूळ ते तुम्ही सांगितलेले नाही. ती `Crawled - currently not indexed` खाली पडून असतील, तर त्यांत स्वतःचे फारसे काही नसण्याची शक्यता मोठी आहे. त्या पानांना वरची कसोटी पुन्हा लावा आणि मुख्य पानाकडे वळवायची ती वळवा.