फोन नुसता चार्ज होतोय, फाइल जात नाहीत? आधी केबल बघा

अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला लावला, चार्जिंगचं चिन्ह आलं, पण फोटो कुठे दिसत नाहीत. अशा वेळी जो तो ‘ड्रायव्हर टाका’, ‘फोन रिसेट करा’ असे सल्ले देतो. ते करायच्या आधी फोनच्या वरच्या पट्टीत काय आलंय ते बघा.

फोन अनलॉक करून केबल लावा आणि स्क्रीनवरची ती पट्टी बोटाने वरून खाली ओढा. ‘Charging this device via USB’ अशा अर्थाची सूचना दिसली तर केबल ठीक आहे. त्या सूचनेवर टॅप करा, ‘File transfer / Android Auto’ निवडा, काम झालं. अँड्रॉइड ६ पासून फोन लावला की मुळात चार्जिंगवरच राहतो, म्हणजे अनोळखी कॉम्प्युटरला लावला तरी आतलं काही उघडं पडत नाही. म्हणून ही निवड बहुतेक फोनवर दर वेळी करावी लागते. कॉम्प्युटरवर फोनचं नाव आलं पण आत सगळं रिकामं दिसलं, तर एक तर फोन लॉक आहे किंवा ही निवड राहिली आहे.

सूचनाच आली नाही आणि विंडोजनेही जोडणीचा ‘टुंग’ आवाज केला नाही, तर सेटिंग्ज धुंडाळत बसू नका. नव्वद टक्के वगैरे आकडे मी सांगत नाही, पण माझा पहिला संशय नेहमी केबलवर असतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. पॉवर बँक, ट्रिमर किंवा ब्लूटूथ स्पीकरबरोबर येणाऱ्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या दोन तारा बऱ्याचदा नसतातच. बाहेरून काही कळत नाही. जाड, वेणीदार, महागडी दिसणारी केबलही अशी निघू शकते. ‘चार्ज होतोय म्हणजे केबल चांगली’ हा तर्क म्हणूनच साफ चुकीचा. आमच्या शेजारच्या काकूंनी नातवाचे फोटो उतरवायला ट्रिमरची केबल लावली होती. फोन झकास चार्ज होत होता, पण सूचना येत नव्हती. फोनच्या खोक्यातली केबल लावली आणि लगेच आली.

दुसरी केबल लावूनही सूचना नाही आली, तर ती केबल दुसऱ्या फोनला लावून बघा. तिथे सूचना आली तर केबलचा दोष नाही. मग हब आणि कॅबिनेटचा पुढचा पोर्ट सोडून थेट मागच्या पोर्टला लावा. तरीही नाही, तर फोन बंद करून त्याचा पोर्ट टॉर्चने बघा. खिशातला कापसासारखा कचरा तळाशी दाबला गेला की प्लग पूर्ण आत बसत नाही. तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई किंवा पिन घालू नका.

मॅकवाल्यांनो, अँड्रॉइड फोन फाइंडरमध्ये आपोआप दिसत नाही. त्यासाठी वेगळं ॲप लागतं, केबलला दोष देऊ नका.