क्विकसिलेक्ट आणि क्रमवार यादी : या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील काही गृहसंकुलांच्या पाण्याच्या मीटरचा हिशेब ठेवणारी एक प्रणाली मी सांभाळतो. दर महिन्याला सुमारे 10,000 सदनिकांची रीडिंग येतात आणि त्यांतून मध्यक काढावा लागतो, म्हणजे निम्म्या घरांचा वापर ज्याच्या खाली आणि निम्म्यांचा ज्याच्या वर असतो तो आकडा. सगळी यादी क्रमाने लावण्याची यासाठी गरज नसल्यामुळे आम्ही पायथनमध्ये क्विकसिलेक्ट, म्हणजे यादीतला हव्या त्या क्रमांकाचा घटक थेट शोधणारी पद्धत, लिहिले होते आणि ते दोन वर्षे विनातक्रार चालले. मग एका महिन्यात अहवाल `RecursionError` देऊन थांबला. कोडमध्ये काहीही बदललेले नव्हते. बदल झाला होता तो डेटाबेसच्या क्वेरीत : तक्ता वाचायला सोपा जावा म्हणून एका सहकाऱ्याने शेवटी `ORDER BY` जोडून रीडिंग चढत्या क्रमाने मागवली होती.

आमच्या कोडमधली मूळ चूक अशी की पिव्होट म्हणून, म्हणजे बाकीच्यांची ज्याच्याशी तुलना करून यादी विभागायची तो घटक म्हणून, नेहमी शेवटचा घटक घेतला जात होता. ही लोमुटोची विभागणी शिकायला सोपी असल्यामुळे बहुतेकांच्या हाती प्रथम तीच येते. पिव्होटपेक्षा लहान घटक डावीकडे सरकवत जायचे आणि शेवटी पिव्होट त्यांच्या लगेच पुढे ठेवायचा. तो ज्या इंडेक्सवर बसतो, ते क्रमवार यादीतले त्याचे कायमचे स्थान असते. आपल्याला हवा असलेला इंडेक्स त्याच्या डावीकडे असेल तर उजवा भाग सोडून द्यायचा, उजवीकडे असेल तर डावा.

`14, 3, 21, 5, 19, 8, 12` या सात रीडिंगचा मध्यक काढायचा, म्हणजे शून्यापासून मोजल्यास 3 या इंडेक्सवरचा घटक शोधायचा. पिव्होट 12 आहे. 3, 5 आणि 8 हे तीनच घटक त्याच्यापेक्षा लहान आहेत. ते डावीकडे गेल्यावर यादी `3, 5, 8, 12, 19, 21, 14` अशी होते आणि 12 नेमका इंडेक्स 3 वर बसतो. सहा तुलनांत उत्तर मिळाले. आता हीच रीडिंग चढत्या क्रमाने द्या : `3, 5, 8, 12, 14, 19, 21`. पिव्होट 21 येतो, सहा तुलना होतात आणि तो जागचा हलत नाही. यादीतून फक्त तोच वगळला जातो. मग 19 साठी पाच तुलना, 14 साठी चार आणि 12 साठी तीन, अशा एकूण अठरा तुलना होतात.

मंद गतीचे कारण एवढेच आहे. विभागणी यादीचे दोन भाग करते खरी, पण पिव्होट कायम टोकाचा निघाल्यामुळे एक भाग रिकामा राहतो आणि प्रत्येक फेरीत यादी एकाच घटकाने आखूड होते. 10,000 रीडिंगच्या मध्यकासाठी 5,000 फेऱ्या लागतात आणि तुलना सुमारे 3.75 कोटी होतात; यादृच्छिक पिव्होट घेतल्यास त्याच कामाला सरासरी सुमारे 34,000 तुलना पुरतात. उतरत्या क्रमाने आलेली यादी तर याहून वाईट ठरते : त्यात पिव्होट आळीपाळीने सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा निघतो, यादी दोन्ही टोकांनी एकेक घटकाने झिजते आणि तुलना 5 कोटींच्या घरात जातात. याउलट चढत्या यादीतला सर्वांत मोठा घटक मागितला, तर तो पहिल्याच फेरीत सापडतो. म्हणून कमाल मूल्य शोधून केलेली चाचणी हा दोष दाखवत नाही. चाचणी मध्यकाची किंवा किमान मूल्याचीच करावी.

पुढची चूक आम्ही घाईत केली. पायथनची रिकर्शनची मर्यादा साधारण 1,000 असते आणि आम्हाला 5,000 पातळ्या लागत होत्या, म्हणून आम्ही `sys.setrecursionlimit` ने ती वाढवली. त्रुटी गेली, पण अहवाल काही सेकंद अडकू लागला. ती त्रुटी खरे तर उपयोगाची सूचना देत होती, कारण सुस्थितीतल्या क्विकसिलेक्टला 10,000 घटकांसाठी सहसा पंधरा-वीस फेऱ्याच लागतात. फेऱ्या मोजणारा एक काउंटर ठेवला तर निदान लगेच होते. तसे करणे शक्य नसेल तर इनपुट दुप्पट करून वेळ पाहावा : दुप्पट झाला तर ठीक, चौपट झाला तर पिव्होट टोकाचा निघत आहे.

पिव्होट मधल्या जागेवरून घेतल्यास क्रमवार यादीचा प्रश्न सुटतो, पण वेगळ्या ठेवणीची एखादी यादी त्यालाही अडवू शकते. यादृच्छिक पिव्होट घेतला की कोणतीही ठरावीक मांडणी नेमाने वाईट ठरत नाही. आम्ही तोच बदल केला आणि काम संपले असे मानले.

ते संपले नव्हते. नव्याने ताबा दिलेल्या संकुलांची भर पडल्यावर एका महिन्याच्या यादीत 6,000 रीडिंग शून्य होती, कारण ती घरे अजून बंद होती. सगळे घटक समान असतील तर पिव्होट कोणताही उचला, त्याच्यापेक्षा लहान काहीच सापडत नाही. तो भागाच्या सुरुवातीला जाऊन बसतो आणि पुन्हा एकच घटक कमी होतो. शून्येतर रीडिंग बाजूला पडल्यावर उरलेल्या 6,000 शून्यांत इंडेक्स 5,000 गाठायला सुमारे 1.75 कोटी तुलना झाल्या. यादृच्छिकतेचा येथे काहीही उपयोग नव्हता. `<` ऐवजी `<=` लिहूनही भागत नाही, कारण मग पिव्होट दुसऱ्या टोकाला जातो, एवढाच फरक पडतो. उपाय आहे तो यादी तीन भागांत वाटण्याचा : लहान, समान आणि मोठे.

```python
import random

def select(a, k):
    lo, hi = 0, len(a) - 1
    while lo < hi:
        p = a[random.randint(lo, hi)]
        lt, i, gt = lo, lo, hi
        while i <= gt:
            if a[i] < p:
                a[lt], a[i] = a[i], a[lt]
                lt += 1
                i += 1
            elif a[i] > p:
                a[i], a[gt] = a[gt], a[i]
                gt -= 1
            else:
                i += 1
        if k < lt:
            hi = lt - 1
        elif k > gt:
            lo = gt + 1
        else:
            return a[k]
    return a[k]
```

आता `k` समान घटकांच्या पट्ट्यात पडला की उत्तर तिथेच मिळते, मग शून्ये कितीही असोत. रिकर्शनऐवजी लूप असल्यामुळे पातळ्यांचा प्रश्नही उरत नाही.

हे लिहिताना तीन जागा सांभाळाव्यात. `p` मध्ये पिव्होटचे मूल्य ठेवावे, इंडेक्स ठेवू नये, कारण अदलाबदलीत तो घटक स्वतःच हलतो. मोठा घटक उजवीकडे पाठवल्यावर `i` वाढवू नये, कारण तिकडून आलेला घटक अजून तपासलेला नसतो. ही ओळ चुकली तर उत्तर कधी बरोबर येते आणि कधी चुकते, आणि असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. तसेच उजव्या भागात जाताना `k` मधून काहीही वजा करू नये, कारण इथले सर्व इंडेक्स मूळ यादीचेच आहेत; वजाबाकी लागते ती यादीचे तुकडे नव्याने कापून पुढे देणाऱ्या पद्धतीत.

यादृच्छिक पिव्होट वाईट वेळेची शक्यता नगण्य करतो, पण ती शून्य करत नाही. ठाम हमी हवी असेल तर विभागणी नीट होत नाही असे दिसताच अधिक सुरक्षित पद्धतीकडे वळणारे इंट्रोसिलेक्ट वापरावे. नमपायच्या `np.partition` मध्ये तेच आहे. मात्र आमचे वरचे फंक्शन दिलेली यादी जागच्या जागी हलवते, त्यामुळे रीडिंगचा सदनिका क्रमांकाशी असलेला मेळ तुटू नये म्हणून आम्ही त्याला नेहमी `list(readings)` अशी प्रतच देतो.