निमंत्रणाच्या फोटोत मजकुराला जागा उरत नाही? या चुका टाळा

गणपतीच्या निमंत्रणासाठी गिरगाव चौपाटीचा संध्याकाळचा फोटो नेहमी निवडला जातो. वर आकाश, मधे मलबार हिलच्या इमारती, खाली वाळू. त्यात समई, मोदकांचं ताट, झेंडूचं तोरण आणि जास्वंदी आणून बसवल्या की चित्र भरलेलं दिसतं, आणि वाडीचं नाव, तारीख, आरतीची वेळ कुठे लिहायची हा प्रश्न उरतो. मग अक्षरं बारीक होतात, त्यांना जाड कड दिली जाते, आणि आजी-आजोबांना कार्ड वाचता येत नाही.

मजकूर शेवटी टाकणं

सगळ्यात मोठी चूक हीच. आधी पूर्ण मजकूर टाइप करा आणि त्याची उंची मोजा. ए5 उभं कार्ड 300 डीपीआयला 1748 × 2480 पिक्सेल होतं. वाडीचं नाव दोन ओळींत, 36 पॉइंटमध्ये घेतलं तर अक्षराचा आकार 150 पिक्सेल. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार येतात, त्यामुळे ओळींतलं अंतर अक्षराच्या 1.4 पट तरी हवं. म्हणजे दोन ओळींना 420 पिक्सेल. तारीख, वेळ, पत्ता यांच्या सात ओळी 12 पॉइंटमध्ये, दीडपट अंतराने 525. मधली फट 100. बेरीज 1045 पिक्सेल, म्हणजे कार्डाच्या उंचीचा जवळपास 42 टक्के भाग. अंदाजाने सोडलेली जागा याच्या निम्मीही नसते.

या मापाचा एक फिकट आयत वेगळ्या लेयरवर आकाशात ठेवा. तो कापण्याच्या रेषेपासून निदान 12 मिलिमीटर आत असावा. छपाईसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जादा चित्रही लागतं, तेव्हा कॅनव्हास 1819 × 2551 घ्या. यापुढे जे काही जोडायचं, ते आयताच्या बाहेर.

प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी ठेवणं

एका कोपऱ्यात समई, दुसऱ्यात ताट, वर तोरण, बाजूला फूल असं केलं की मोकळी जागा उरते, पण तुकड्यांत. चार छोट्या तुकड्यांत नऊ ओळी सलग बसत नाहीत. खालच्या डाव्या बाजूला समई, तिच्या पायाशी थोडं झाकलं जाईल असं ताट, ताटाच्या कडेला दोन जास्वंदी, असा एकच गट करा. उजवी बाजू रिकामी वाटली तरी तशीच राहू द्या.

तोरण मात्र या कार्डावर सहसा नकोच. पूर्ण रुंदीचं तोरण वरचे 300-400 पिक्सेल खातं, आणि नेमकं तिथेच वाडीचं नाव यायचं असतं. हवंच असेल तर त्याचं एकच टोक वरच्या कोपऱ्यातून थोडं डोकावू द्या.

रिकामी जागा म्हणजे शांत जागा असं धरणं

आकाशात वस्तू नसली तरी तिथे ढगांचे पट्टे असतात, आणि भाद्रपदात ते असतातच. सूर्य मलबार हिलच्या मागे मावळतो, म्हणून आकाश वर गडद आणि इमारतींजवळ उजळ असतं. पांढऱ्या अक्षरांतलं नाव वर ठळक दिसतं, आणि सर्वांत खाली असलेला पत्ता केशरी उजेडात विरून जातो. आयत इमारतींवर उतरला तर खिडक्यांचे दिवे अक्षरांच्या काना-मात्रांत मिसळतात.

तपासायला चित्र तात्पुरतं राखाडी करा आणि आयतात वर, मधे, खाली रंगाचं मूल्य बघा. पांढरी अक्षरं नीट वाचली जायला ते 0 ते 255 या मापात 118 किंवा त्याहून कमी हवं. खाली ते जास्त भरलं तर वरच्याच आकाशातला गडद निळा रंग उचला, नव्या लेयरवर खालून वर विरळ होत जाणारा पट्टा ओढा, आणि लेयरचा मोड `Multiply` ठेवून अपारदर्शकता 30 टक्क्यांपासून हळूहळू वाढवा. सरळ कडेचा काळा चौकोन टाकू नका, तो चिकटवलेला दिसतो.

समईच्या ज्योतीभोवती टाकलेली प्रभाही हाच घोळ करते. वस्तू आयताबाहेर असते, पण तिचा पसरलेला उजेड आत शिरतो आणि तिथलं मूल्य वाढवतो. प्रभेच्या लेयरला मास्क लावून आत शिरलेला उजेड आयताच्या कडेपर्यंत पुसून घ्या.

तेच कार्ड स्टेटससाठी ताणणं

व्हॉट्सॲपच्या स्टेटसचं माप 1080 × 1920. ए5 कार्ड 1080 रुंदीवर आणलं की उंची फक्त 1532 होते, म्हणजे 388 पिक्सेल कमी पडतात. चित्र ताणलं तर समई लांबुळकी होते. त्याऐवजी कॅनव्हास वर वाढवा, आकाशाचा सर्वांत वरचा रंग तिथे पुढे न्या, आणि रंगांच्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून 1 ते 2 टक्के नॉइज टाका. मजकुराचा आकार कायम ठेवून तो थोडा वर सरकवा. वाढलेल्या जागेत फूल बसवण्याऐवजी ती नाव आणि तारखेमधली फट वाढवायला वापरा.