बर्गमॉटचं तेल अंगाला लावायचं असेल तर

बर्गमॉट हे दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाचं लिंबूवर्गीय फळ. अर्ल ग्रे चहाला येणारा वास त्याचाच. त्याची साल थंड दाबून जे तेल निघतं, त्यात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीत उतरलं आणि वर ऊन पडलं, की उन्हातल्या यूव्हीए किरणांनी ते जागं होतं, पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि पेशी मरतात. त्यातून भाजल्यासारखी जखम होते.

ही अ‍ॅलर्जी नाही. पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन एकत्र आलं तर पहिल्याच वेळी, कुणालाही भाजू शकतं. म्हणूनच 'आधी कोपराच्या आत लावून बघा' हा सल्ला इथे कुचकामी आहे. कोपराच्या आत ऊन लागत नाही, त्यामुळे काहीच दिसत नाही आणि माणूस निर्धास्त होऊन तेच तेल मानेला लावून बाहेर पडतो.

आधी बाटली वाचा. 'कोल्ड प्रेस्ड' किंवा 'एक्सप्रेस्ड' लिहिलं असेल तर बर्गाप्टेन आहे असं धरा. 'एफसीएफ' किंवा 'बर्गाप्टेन फ्री' असेल तर ते काढून टाकलेलं असतं. अंगाला लावायच्या तेलासाठी मी हेच घ्यायला सांगते. वासात थोडा फरक पडतो, पण पुढचा हिशेबच उरत नाही. बाटलीवर काहीच लिहिलेलं नसेल तर ते तेल अंगासाठी वापरू नका.

कोल्ड प्रेस्डच तेल हाताशी असेल तर खरी अडचण प्रमाणाची. याच टप्प्यावर मी बराच काळ अडखळत होते, कारण जो तो 'दोन-चार थेंब' सांगतो. ड्रॉपरागणिक थेंब लहानमोठा होतो आणि इथे एखाद्या थेंबाने सुद्धा मर्यादा ओलांडली जाते. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा हिने कोल्ड प्रेस्ड बर्गमॉटसाठी ठरवलेली मर्यादा आहे ०.४ टक्के. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लावून तसंच ठेवायच्या तेलासाठी ती आहे. म्हणजे ३० मिली बदाम तेलात फक्त ०.१२ मिली. औषधाच्या दुकानातून १ मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि तिच्यावरच्या बारीक रेघांवर मोजा. थेंब मोजू नका.

त्यात कोल्ड प्रेस्ड लाइमचं तेलही घालायचं असेल, तर दोघांची मर्यादा वेगवेगळी धरून चालत नाही, कारण दोन्हींतली द्रव्यं कातडीवर एकाच कामाला लागतात. लाइमची मर्यादा ०.७ टक्के, म्हणजे ३० मिलीत ०.२१. बर्गमॉट त्याच्या मर्यादेच्या निम्मं, ०.०६ मिली घेतलंत, तर लाइमही निम्मंच घ्यायचं, साधारण ०.१ मिली. दोन्ही पूर्ण घातली की मिश्रण दुप्पट धोक्याचं झालं. गोड संत्र्याच्या तेलाला मात्र ही भीती नाही आणि वाफेवर काढलेल्या लाइमलाही नाही. लिंबूवर्गीय वास हवाच असेल तर यातलं घाला.

मोजून झालं की बाटली हलवा आणि तारीख लिहा.

यापेक्षा कडक मिश्रण लावलं असेल तर तो भाग निदान १२ तास उन्हापासून झाकून ठेवा. वास उडाला म्हणजे धोका गेला असं नाही. वास हवेत उडतो, बर्गाप्टेन उडत नाही. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीए आत येतात, त्यामुळे खिडकीपाशी बसणं म्हणजे सावली नव्हे. सनस्क्रीनवर भिस्त ठेवून बाहेर पडू नका. एसपीएफचा आकडा प्रामुख्याने यूव्हीबीबद्दल सांगतो.

आपल्याकडे कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवतात, त्यामागेही याच जातीची द्रव्यं आहेत आणि तिथेही वेळ चुकली की फोड येतात.

भाजलंय हे लगेच कळत नाही, यातच खरी फसगत आहे. त्या दिवशी काहीच नसतं. साधारण दुसऱ्या दिवशी आग होऊ लागते आणि दोन-तीन दिवसांत ती सर्वांत वाढते, कधी पाण्याचे फोड येतात. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून आग आणि दुखरेपणा यांकडे लक्ष द्या. आकारावरून ओळख पटते: तेल मानेवरून ओघळलं असेल तर ओघळाच्याच आकाराचा पट्टा उठतो. मागे राहणारा काळपट डाग महिनोन्‌महिने टिकू शकतो.

तेल लावून उन्हात गेल्याचं लक्षात आलं तर लगेच आडोशाला या, साबणाने धुवा आणि दोन-तीन दिवस तो भाग झाकून ठेवा. फोड आले तर फोडू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि कोणतं तेल लावलं होतं ते आपणहून सांगा, नाहीतर साधं सनबर्न किंवा अ‍ॅलर्जी समजली जाते. डाग घालवायला त्यावर लिंबू मात्र चोळू नका. कागदी लिंबाच्या सालीतही बर्गाप्टेन असतं.