माज दिसला नाही म्हणजे म्हैस गाभणच आहे असं नव्हे

दसरा-दिवाळीच्या सुमारास भरवलेल्या म्हशींची गर्भतपासणी थंडीतच उरकून घ्या. "एकविसाव्या दिवशी उलटली नाही, म्हणजे राहिली," या भरवशावर बसलेले गोठे मी दरवर्षी मार्चमध्ये पाहतो.

एका गोठ्यातली म्हैस ५ ऑक्टोबरला भरवली. २६ ऑक्टोबरला माज दिसला नाही, मालक निर्धास्त झाला. मार्चच्या मध्यावर पोट दिसेना म्हणून तपासली, तर पिशवी रिकामी. तिचा माज मुका होता. ४ डिसेंबरला, म्हणजे साठाव्या दिवशी हात घालून पाहिलं असतं, तर ७ डिसेंबरपासून १ मार्चपर्यंत पाच माज हाती होते. आता उन्हाळा लागला की म्हैस सहसा माज नीट दाखवत नाही.

गाय उलटली तर कळते तरी, पण काही गाभण गायीही माजाची लक्षणं दाखवतात. अशा गायीला न तपासता पुन्हा रेतन केलं, तर गाभ जाऊ शकतो. पोट, कास आणि उजव्या कुशीतली वासराची हालचाल यांवरून खात्री व्हायला पाच-सहा महिने लागतात. कातडीची चकाकी, शांत झालेला स्वभाव हे माझेही अंदाज आहेत, पण त्यावर मी पैज लावणार नाही.

गुदमार्गातून हाताने तपासणी साठ दिवसांनी करा. म्हशीत सत्तर दिवस झाले तरी हरकत नाही. तेव्हा गर्भाशयाचं एक शिंग मोठं, पाण्याने भरलेलं लागतं आणि आतला पडदा बोटांतून निसटतो. सरावलेला डॉक्टर पस्तीस-चाळीस दिवसांतही सांगतो, पण तुम्ही घाई लावू नका. कोवळा गाभ जोरात दाबला गेला, तर नुकसान होतं.

सोनोग्राफीत तिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भजल काळं दिसतं, गर्भाचे ठोकेही दिसतात. तिचा खरा फायदा रिकामं जनावर महिनाभर आधी सापडण्यात आहे. वरच्या म्हशीचं ४ नोव्हेंबरलाच कळलं असतं. तिथे गाभण निघाली तरी साठाव्या दिवशी पुन्हा हात घालून पाहाच, कारण मधल्या महिन्यात काही गाभ आपोआप जिरतात.

दुकानदार "गाभ टिकवायचं" टॉनिक गळ्यात मारेल. ते पैसे तपासणीला ठेवा. आणि माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन तपासणीशिवाय कुणालाही टोचू देऊ नका. जनावर गाभण असेल तर त्यानेच गाभ पडतो.

नोंदवहीत:
- भरवल्याची तारीख, वळू किंवा रेतमात्रेचा क्रमांक
- १८ ते २४ दिवस : पहाटे व रात्री माजावर नजर
- ३० दिवस : सोनोग्राफी, सोय असल्यास
- ६० दिवस : हाताने तपासणी
- विण्याची अंदाजे तारीख : गाय २८० दिवस, म्हैस ३१० दिवस
- त्याआधी दोन महिने दूध बंद