पेटीवर नाव छापण्याआधी ते परक्या डोळ्यांनी कसे वाचून पाहावे

दिंडोरीजवळ माझ्या भाच्याने चार शेतकऱ्यांना सोबत घेऊन बेदाण्याची शेड टाकली. नाव त्यांनी आधीच ठरवले होते, ‘कादवा’. ज्या नदीच्या पाण्यावर बागा उभ्या आहेत तिचेच नाव, म्हणून सगळेच खूश. पेटीचे डिझाईन करायला तो नाशिकला माझ्याकडे आला. मी कोऱ्या कागदावर `Kadwa` एवढेच लिहिले आणि आमच्याकडे कागदाच्या कटिंगला असलेल्या उत्तर प्रदेशच्या पोराला दाखवले. त्याने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, “कड़वा.” गोड मालाच्या पेटीवर ‘कडू’. भाच्याचा चेहरा पडला, पण पेट्या छापून झाल्यावर हे कळले असते तर जास्त महागात पडले असते.

रोमन लिपीत ‘द’ आणि ‘ड’ला एकच अक्षर आहे, ‘का’ आणि ‘क’ही सारखेच दिसतात. आपल्याला नदी माहीत असते म्हणून आपण ‘कादवा’ वाचतो. दुसरा माणूस त्याच्या ओळखीचा शब्द वाचतो. म्हणून सुरुवात इथून करा: देवनागरी बाजूला ठेवा आणि नाव रोमन अक्षरांत जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी लिहून काढा. `v` आणि `w`, एक `a` आणि दोन `a`, `sh` आणि `s`, `i` आणि `ee`. चार-सहा रूपे होतात. यापुढची सगळी तपासणी या प्रत्येक रूपाची करायची, फक्त आपल्या आवडत्या रूपाची नाही.

मग ती रूपे लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. वेबसाइटच्या पत्त्यातल्या मुख्य नावात मोठ्या-लहान अक्षरांचा फरक धरत नाहीत, ब्राउझर सगळे लहानच दाखवतो आणि जागा तर सोडताच येत नाही. त्यामुळे लोगोत मोठ्या अक्षरांनी वेगळे केलेले शब्द तिथे एकमेकांत मिसळतात. मार्गारेट थॅचर 2013 मध्ये गेल्या तेव्हा `#nowthatchersdead` असा हॅशटॅग फिरला. कितीतरी लोकांनी तो ‘नाउ दॅट शेर्स डेड’ असा वाचला आणि शेर ही गायिका गेली असे समजून हळहळले. अक्षर एकही बदललेले नव्हते.

भाच्याने सुचवलेले दुसरे नाव होते ‘अस्सल बेदाणा’. हे नाव मलाही आवडले होते. जोडून लिहिले:

```
assalbedana
```

अक्षरे 11, म्हणजे तोडायच्या जागा 10. पेन्सिलने एकेका जागी उभी रेघ मारत जा आणि प्रत्येक तुकडा मोठ्याने वाचा. तिसऱ्या अक्षरानंतर रेघ मारली की रेघेच्या डावीकडे `ass` उरतो, इंग्रजीत गाढव आणि ढुंगण या दोन्हींसाठीचा शब्द. सहाव्या ते आठव्या अक्षरात `bed` सापडतो. इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ओळखीचे हे दोनच तुकडे दिसतात, ‘अस्सल’ त्याला माहीतच नाही. मध्ये आडवी रेघ घालून `assal-bedana` केले तरी पहिला तुकडा तसाच राहतो, म्हणून इथे रेघ उपयोगाची नाही. जिथे दोष दोन शब्दांच्या सांध्यावर असतो, तिथेच ती कामी येते.

मग एक `s` काढून `asal` केले तर? अरबीत ‘असल’ म्हणजे मध, आणि रोमनमध्ये तो असाच लिहितात. अर्थ वाईट नाही, पण दुबईच्या गिऱ्हाइकाला हा मधात घोळवलेला बेदाणा वाटेल आणि पेटीत तर मध नाही. खाण्याच्या मालावर मला अशी फसगत शिवीइतकीच नको वाटते.

आता दुसऱ्या भाषा. जगातल्या सगळ्या भाषा तपासत बसू नका. माल जिथे जाणार तिथल्या, आणि दोन-तीन वर्षांत जाऊ शकेल तिथल्या भाषांची यादी करा. भाच्याची यादी होती हिंदी, गुजराती, बंगाली, अरबी, डच आणि जर्मन. शोधायला en.wiktionary.org सोपे आहे, कारण एकच स्पेलिंग किती भाषांत शब्द म्हणून आहे ते एकाच पानावर दिसते. पण तिथे एक खाचखळगा आहे. जर्मन भाषेत प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने लिहितात आणि विक्शनरीत मोठ्या-लहान अक्षरांची पाने वेगवेगळी असतात. कुणी ‘गोदा गिफ्ट’ असे नाव ठेवून `gift` शोधले, तर जर्मन अर्थ त्या पानावर दिसणार नाही. तो `Gift` या पानावर आहे, आणि तो अर्थ आहे विष. म्हणून प्रत्येक रूप दोन्ही तऱ्हांनी शोधा.

शब्दकोशात न सापडणारे माणसाकडून कळते. विचारायची पद्धत मात्र नीट हवी. “यात काही वाईट आहे का?” असे विचारले की लोक भिडेपोटी “नाही हो, छान आहे” म्हणतात. कागद दाखवा, वाचायला सांगा, आणि “पहिल्यांदा काय आठवलं?” एवढेच विचारा. मग तेच नाव तुम्ही उच्चारून ऐकवा आणि पुन्हा विचारा. प्रत्येक भाषेचे दोन जण गाठा, त्यातला एक तरुण असू द्या, कारण नवे अश्लील शब्द जुन्या माणसाला ठाऊक नसतात. पिंपळगावच्या बाजारात हंगामाला आलेल्या एका बंगाली व्यापाऱ्याला आम्ही `bedana` दाखवले. तो म्हणाला, “डाळिंब.” बंगालीत बेदाना म्हणजे खरोखरच डाळिंब! सटाणा-मालेगावकडून तिकडे डाळिंबही जात असेल, तर घोटाळा किती होईल बघा. त्या दिवशी ‘अस्सल बेदाणा’ कायमचा बाजूला पडला.

सापडलेला प्रत्येक अर्थ नाव पाडण्याइतका मोठा नसतो. मी तीन गोष्टी बघतो: शब्द पूर्ण जुळतो की नुसता जवळपास आहे, ती भाषा आपल्या यादीत आहे का, आणि तो अर्थ मालाला लागतो का. मित्सुबिशीची पजेरो स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत ‘मोंतेरो’ नावाने विकली गेली, कारण ‘पजेरो’ तिथे जसाच्या तसा अश्लील शब्द आहे. उलट शेव्हरोलेची ‘नोव्हा’ स्पॅनिशमध्ये ‘चालत नाही’ असा अर्थ होतो म्हणून पडली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती खरी नाही. ती गाडी मेक्सिकोत व्यवस्थित विकली गेली. तिथला माणूस ‘नोव्हा’ आणि ‘नो व्हा’ यांत गल्लत करत नाही, आघात वेगळ्या जागी येतो.

शेवटी भाचा म्हणाला, “मामा, कादवाच ठेवायचं आहे. काही तरी करा.” मग `kaadva` लिहून पुन्हा पहिल्यापासून सगळे केले. दोन `a` आल्यावर कटिंगच्या पोराने ‘काडवा’ वाचले आणि म्हणाला, अर्थ काही नाही. सहा अक्षरांच्या पाचही जागा तोडून पाहिल्या, काही निघाले नाही. बंगालीत ‘कादा’ म्हणजे चिखल, तेवढे एक जवळचे सापडले. त्याच व्यापाऱ्याला न सांगता दाखवले तेव्हा त्याला चिखल आठवला नाही. ते आम्ही चालवून घेतले.

मग पेटीवरच्याच टाइपात, खऱ्या मापात एक प्रत काढून चार हात अंतरावरून वाचली. ही पायरी सोडू नका, कारण काही टाइपांत `r` आणि `n` चिकटून `m` दिसतात. ‘सुवर्णा’चे `suvarna` तेव्हा `suvama` होते. `kaadva`त ती जोडी नाही. पेटीवर मोठे ‘कादवा’ देवनागरीत आणि त्याखाली रोमन नाव, अशी प्रत भाचा दिंडोरीला घेऊन गेला.