आधी जागा, मग पाटी: पोझिशनिंग आणि आयडेंटिटी यांतला फरक

पहिलं दुकान टाकणारा माणूस बहुतेक वेळा आधी फ्लेक्सवाल्याकडे जातो. नाव, लोगो, रंग, पिशव्या असं सगळं छापून होतं आणि दुकान नेमकं कोणासाठी हा प्रश्न नंतर उरतो. हा क्रम उलटा आहे आणि महागात पडतो.

नाव, पाटी, रंग, पाकीट, फोनवर बोलायची पद्धत ही झाली आयडेंटिटी, म्हणजे ओळख. ती तुम्ही ठरवता आणि पैसे मोजले की आठवड्यात तयार होते. पोझिशनिंग म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातली तुमची जागा: अमुक लागलं की तुमच्याकडे यायचं, हे त्याच्या मनात बसणं. ती जागा छापून मिळत नाही. कोणत्या जागेसाठी झटायचं, एवढंच तुमच्या हातात असतं.

समजा लातूरला एका गाळ्यात काळं तिखट विकायचं आहे. कागदावर एक वाक्य लिहा, त्यात चार गोष्टी हव्यात: कोणासाठी, कशाच्या ऐवजी, वेगळं काय आणि त्याचा पुरावा काय.

यातलं 'कशाच्या ऐवजी' हेच सगळ्यात अवघड आहे. बहुतेक जण तिथं शेजारच्या दुकानाचं नाव लिहितात. तसं करू नका. गिऱ्हाईक आज ती गरज कशी भागवतं, ते लिहा. काळ्या तिखटाला तीन उत्तरं निघतात. कुणी कंपनीचं पाकीट आणतं. कुणी उन्हाळ्यात घरीच मिरच्या वाळवून, धने-खोबरं-दगडफूल भाजून डंकावर कुटून आणतं. कुणाला गावाकडून आई डबा भरून पाठवते.

उत्तर बदललं की धंदाच बदलतो. पाकिटाच्या ऐवजी यायचं ठरवलं, तर भावाची तुलना पाकिटाशीच होणार आणि छोटा दुकानदार त्या भावात टिकत नाही. उन्हाळी कांडपाच्या ऐवजी यायचं, तर मुख्य गिऱ्हाईक मार्च ते मे या काळातलं. ते किलोवर घेणार आणि ब्याडगी किती, तिखट मिरची किती हे तुमच्यासमोर उभं राहून विचारणार. डब्याच्या ऐवजी यायचं, तर गिऱ्हाईक म्हणजे शिकायला किंवा नोकरीला आलेली, खोली करून राहणारी माणसं. त्यांना शंभर-दोनशे ग्रॅम पुरतं, पण वर्षभर लागतं.

तिन्ही धरायचा मोह होतो, आणि तिथंच घोटाळा होतो. किलोवाली बाई लहान पुड्या पाहून 'हे आपलं दुकान नाही' म्हणते आणि खोलीवाल्या मुलाला किलोचा भाव ऐकून घाम फुटतो. सुरुवातीला एकच धरा. आपण डब्याऐवजीचं गिऱ्हाईक धरू. वाक्य असं होतं: 'लातुरात खोली करून राहणाऱ्यांसाठी, घरच्या डब्याऐवजी, दर आठवड्याला ताजं भाजून कुटलेलं काळं तिखट, कुटल्याची तारीख पाकिटावर.'

आता तपासणी. वाक्यात शेजारच्या दुकानाचं नाव घालून वाचा. तरीही ते खरं वाटलं तर फाडा आणि पुन्हा लिहा. 'उत्तम दर्जा, वाजवी दर, विनम्र सेवा' हे प्रत्येक दुकानाला चालतं, म्हणून ते कुणाचंच नाही. दुसरी कसोटी: या वाक्यामुळे तुम्ही कशाला नाही म्हणणार? इथं महिनाभर जुना माल विकायला नाही म्हणावं लागेल, भले तो चांगला असो. काहीच सोडावं लागत नसेल, तर जागा अजून ठरलेली नाही.

वाक्य पक्कं झालं की ओळखीचं काम सोपं आहे, कारण प्रत्येक निर्णय त्यातूनच निघतो. पाकीट शंभर ग्रॅमचं. कुटल्याची तारीख सगळ्यात ठळक, लोगो त्याहून लहान. भाजायची कढई आत न ठेवता दर्शनी भागात. नाव असं, की मुलगा फोनवर एकदा सांगेल आणि मित्राला कळेल. अन्न परवाना क्रमांक आणि वजन पाकिटावर हवंच.

पाटीवर सूर्योदय, कमळ, सोनेरी कडा नकोत. साधारण दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर धरा. चाळीस फुटांवरून वाचायचं तर किमान चार इंच. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. रंग दोनच ठेवा. पहिल्या खेपेला पाकिटं दोनशेच छापा, मजकूर नक्की बदलतो.

तीन महिन्यांनी दहा गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारा: 'मित्राला आमच्याबद्दल काय सांगाल?' उत्तर सुचवू नका, शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. 'ताजं' किंवा 'घरच्यासारखं' आलं, तर जागा बसतेय. 'लाल पाटीवालं दुकान' एवढंच आलं, तर ओळख पोचली पण जागा बसली नाही. अशा वेळी पाटी बदलू नका, कढई आणि तारीख तपासा. 'स्वस्त आहे' आलं, तर गिऱ्हाइकानं तुम्हाला कंपनीच्या पाकिटाशेजारी बसवलं आहे. मग भाव कमी करणं थांबवा आणि आठवड्याचा कुटायचा वार ठरवून तो पाटीवर लिहा.